हजार गुंठ्यांवर अडकलेली बेटांची मोजणी

मार्च महिन्यातली गोष्ट. आमच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट होता: खान्देशातल्या एका धरणाच्या फुगवट्यात पाणी ओसरल्यावर किती बेटं उघडी पडतात, ते उपग्रहाच्या चित्रावरून मोजायचं. हे काम सुचवलं होतं अमळनेरकडच्या एका पक्षीमित्रांनी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. नदी सुरय उन्हाळ्यात अशा उघड्या बेटांवर जमिनीवरच अंडी घालतो, कारण चहूबाजूंनी पाणी असलं की कुत्री-कोल्ही पोचत नाहीत. होडी घेऊन कुठं जायचं हे आधी ठरवता यावं, एवढीच अण्णांची गरज होती.

चित्र सेंटिनेल-२ चं. त्यातल्या हिरव्या आणि निकट-अवरक्त पट्ट्यांचा पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरच्या जरासा वर. त्यामुळे एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा असं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला हेक्टरपेक्षा गुंठा लवकर दिसतो, आणि पुढं या मापानंच आम्हाला चूक कुठं आहे ते दाखवलं.

हिरव्या आणि निकट-अवरक्त पट्ट्यांची वजाबाकी भागिले बेरीज, हा पाण्याचा निर्देशांक. तो शून्याच्या वर गेला तर पाणी, नाही तर जमीन. पाण्याला 0, जमिनीला 1. आमची खिडकी १२०० बाय ९०० पिक्सेलची होती, म्हणजे १०,८०,००० चौकोन. आता प्रश्न पुस्तकातला होतो: एकमेकांना चिकटलेल्या 1 चे किती गट?

तिनं लिहिलेला पहिला प्रोग्राम कुठल्याही मुलाखतीत चालला असता. ग्रिड ओळीनं वाचत जायचं, 1 सापडला की मोजणीत एक मिळवायचा आणि त्या गटातले सगळे 1 बुडवून 2 करायचे, म्हणजे तो गट पुन्हा मोजला जाणार नाही. बुडवण्याचं काम हे फंक्शन स्वतःलाच बोलावत करायचं:

```python
def budav(g, r, c):
    if r < 0 or r >= len(g) or c < 0 or c >= len(g[0]):
        return
    if g[r][c] != 1:
        return
    g[r][c] = 2
    budav(g, r + 1, c)
    budav(g, r - 1, c)
    budav(g, r, c + 1)
    budav(g, r, c - 1)
```

हातानं बनवलेल्या सहा-सात ग्रिडवर उत्तर बरोबर आलं. खऱ्या चित्रावर मात्र पडद्यावर हे उमटलं:

```
RecursionError: maximum recursion depth exceeded in comparison
```

पायथनमध्ये एकात एक किती फंक्शनं उघडी राहू शकतात याला मर्यादा असते, आणि ती मुळात १००० ची असते. एवढं तिलाही माहीत होतं. पण तिचा सवाल रास्त होता: "सर, बेटं तर छोटी आहेत. सगळ्यात मोठं पन्नास-साठ गुंठ्यांचं असेल. हजार कुठून आले?"

मी तिला आधी खरं चित्र बाजूला ठेवायला लावलं. नुसत्या 1 नी भरलेला चौरस घे आणि बाजू वाढवत ने. ३० चाललं, ३१ चाललं, ३२ ला तोच एरर. ३१ गुणिले ३१ म्हणजे ९६१, ३२ गुणिले ३२ म्हणजे १०२४. म्हणजे भरीव तुकड्यात रिकर्शनची खोली तुकड्याच्या रुंदीइतकी नसते, सबंध क्षेत्रफळाइतकी होते.

हे पटकन पटत नाही. आपल्या डोळ्यासमोर पाणी चहूकडे एकदम पसरल्याचं चित्र असतं. पण वरचं फंक्शन तसं पसरत नाही. ते आधी खाली जातं, जाता येईल तितकं. तळाला पोचलं की वर बघतं, तिथं आधीच 2 झालेला असतो, मग एक घर उजवीकडे सरकतं. तिथून खाली जागा नाही, म्हणून वर चढत जातं. माथ्यावर पुन्हा एक घर उजवीकडे, पुन्हा खाली. शेतात नांगर घालतात तसं एका तासातून दुसऱ्या तासात. आणि सगळं शेत नांगरून होईपर्यंत एकही फंक्शन परत येत नाही, पहिल्या चौकोनाचं फंक्शनसुद्धा अजून उघडंच असतं. ९६१ चौकोन, ९६१ उघडी फंक्शनं. म्हणजे पायथनची ही मर्यादा भरीव जमिनीच्या हिशोबात साधारण हजार गुंठे, पंचवीस एकर. वेड्यावाकड्या तुकड्यात खोली क्षेत्रापेक्षा कमी राहू शकते, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

मग फुगवट्यात पंचवीस एकरांचं बेट आहे कुठं? एरर आला तेव्हा बाहेरची मोजणी कुठल्या चौकोनावर होती ते छापायला सांगितलं. पहिली ओळ, पहिला चौकोन. मोजणी पहिल्याच पावलावर मेली होती, आणि जिच्यात मेली ते बेट नव्हतंच. तो काठ होता. खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून पसरलेली केळीची आणि कापसाची शेतं, रस्ते, गावं, सगळं मिळून लाखो गुंठ्यांचा एकच गट. तिच्या हातच्या ग्रिडमध्ये पाण्यात सुटी बेटं होती, काठ नव्हताच. कुणीही सराव म्हणून ग्रिड काढताना काठ काढत नाही.

त्या रात्री तिनं बहुतेक जण करतात तेच केलं. `sys.setrecursionlimit(2000000)` ही ओळ टाकली आणि सकाळी आनंदात आली: "सर, घरी चाललं." प्रयोगशाळेत लावलं तर क्षणभर थांबून `Segmentation fault (core dumped)`. ओळ क्रमांक नाही, ट्रेसबॅक नाही, काही नाही.

फरक पायथनच्या आवृत्तीत होता. आमच्या प्रयोगशाळेत उबुंटू २२.०४ आहे आणि त्यात ३.१० येतं. तिच्या लॅपटॉपवर ३.११. जुन्या आवृत्त्यांत पायथनचं एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा आतून सी भाषेतलं फंक्शनही पुन्हा उघडतं, आणि त्याची जागा ऑपरेटिंग सिस्टिमनं दिलेल्या स्टॅकमधून जाते. लिनक्सवर `ulimit -s` म्हटलं तर सहसा 8192 येतं, म्हणजे ८ एमबी. पायथनची मर्यादा वाढवल्यानं ही जागा वाढत नाही. कुंपण काढलं, पण विहीर तिथंच. ३.११ पासून साध्या पायथन फंक्शनांची एकमेकांना हाक या सी स्टॅकवर जात नाही, त्यांची चौकट इतर मेमरीत राहते, म्हणून तिच्याकडे निभावलं. अण्णांच्या मुलाच्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर कुठली आवृत्ती असेल ते कुणी सांगावं. मी ती ओळ काढायला लावली.

इलाज जुना आहे: उघड्या फंक्शनांची जी चळत भाषा आपल्या पाठीमागे लावते, ती आपणच एका लिस्टमध्ये लावायची. मागं काय राहिलंय याची आठवण फंक्शनाला नको, "अजून बघायचे चौकोन" एवढी यादी पुरते. यादी हीपवर राहते, तिला ८ एमबीची भिंत नाही.

मी तिला लिहून दिलं नाही, तिनंच लिहिलं, आणि तिनं स्टॅकऐवजी क्यू घेतला. पहिला आला तो पहिला बाहेर, म्हणजे लाट पसरल्यासारखं. त्यात गैर काही नाही. `collections.deque` वापरला हेही बरोबर, कारण लिस्टवर `pop(0)` केलं की दर वेळी मागची सगळी यादी एकेक घर पुढे सरकवावी लागते. चूक एका ओळीच्या जागेची होती:

```python
while q:
    r, c = q.popleft()
    g[r][c] = 2          # इथे उशीर झाला
    gunthe += 1
    for dr, dc in disha:
        y, x = r + dr, c + dc
        if 0 <= y < R and 0 <= x < C and g[y][x] == 1:
            q.append((y, x))
```

हा प्रोग्राम तिच्या सगळ्या चाचण्यांत पास झाला. खऱ्या चित्रावर मशीनची मेमरी भरत गेली, माउस हलेना, शेवटी बटण दाबून बंद करावं लागलं. आता रिकर्शनही नव्हतं, मग काय?

सुदैवानं तिनं बेटांच्या संख्येबरोबर क्षेत्रही मोजायला ठेवलं होतं. तीन बाय तीनचं एकच बेट दिलं. संख्या आली 1, बरोबर. क्षेत्र आलं 19. नऊ गुंठ्यांच्या बेटावर एकोणीस गुंठे. सातबाऱ्यावर असं निघालं तर तलाठ्याला बोलावतील!

कागदावर लाट काढली तेव्हा उलगडलं. कोपऱ्यातला पहिला चौकोन बाहेर आला, त्यानं खालचा आणि उजवा असे दोन शेजारी रांगेत लावले. मधल्या चौकोनाला या दोघांचाही शेजार आहे. खालच्यानं मधल्याला रांगेत उभं केलं, पण खूण केली नाही, कारण खूण बाहेर पडताना होते. उजव्यानं पाहिलं, मधला अजून 1 च, त्यानंही लावला. आता मधला रांगेत दोनदा. दोन्ही प्रती बाहेर आल्यावर आपापले शेजारी पुन्हा लावतात. समोरच्या कोपऱ्यातला चौकोन रांगेत किती वेळा लागतो? पहिल्या कोपऱ्यापासून तिथवर जवळच्या वाटा जितक्या, तितक्या वेळा. तीन बाय तीनमध्ये अशा वाटा सहा. सगळ्या प्रती मिळून १ + २ + ४ + ६ + ६ = १९.

ही वाढ रुंदीबरोबर चढत नाही, उसळते. दहा बाय दहाच्या बेटावर, म्हणजे अडीच एकरांवर, रांगेतून १,८४,७५५ प्रती निघतात. पायथनला त्याला सेकंदही लागत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. पंधरा बाय पंधरावर १५,५१,१७,५१९. वीस बाय वीसवर तेरा हजार कोटींच्या पुढे. आणि आमचा काठ वीस बाय वीसचा नव्हता. एक पिक्सेल रुंदीच्या पट्टीवर मात्र ही चूक अजिबात दिसत नाही, कारण तिथं वाट एकच. तिच्या बहुतेक चाचणी ग्रिडमध्ये एकेरी पट्ट्या आणि सुटे ठिपकेच होते.

खूण रांगेत लावतानाच करायची, बाहेर काढताना नाही. मग प्रत्येक चौकोन आयुष्यात एकदाच रांगेत बसतो, आणि यादीची लांबी चौकोनांच्या एकूण संख्येपलीकडे जाऊच शकत नाही. सगळे १०,८०,००० एका वेळी यादीत बसले असं अगदी वाईटात वाईट धरलं, तरी दीडशे एमबीच्या आसपास काम भागतं. मोजणीला क्रमाशी देणंघेणं नसल्यानं क्यूची गरजही नाही, साधी लिस्ट पुरते:

```python
def budav(g, r, c, disha):
    R, C = len(g), len(g[0])
    g[r][c] = 2
    yadi = [(r, c)]
    gunthe = 0
    while yadi:
        r, c = yadi.pop()
        gunthe += 1
        for dr, dc in disha:
            y, x = r + dr, c + dc
            if 0 <= y < R and 0 <= x < C and g[y][x] == 1:
                g[y][x] = 2
                yadi.append((y, x))
    return gunthe
```

इथली `0 <= y` ही तपासणी गाळली तर पायथन ओरडत नाही, हेही सांगून ठेवतो. `g[-1]` म्हणजे शेवटची ओळ. वरचा काठ गुपचूप खालच्या काठाला जोडला जातो आणि गट कमी भरतात.

आता काठाचं काय करायचं? गट मोजून त्यातून एक वजा कर, असं तिनं सुचवलं. पण काठ एक नसतो. उत्तरेचा वेगळा, दक्षिणेचा वेगळा, आणि खिडकीच्या कोपऱ्यात नाल्यानं तोडलेले आणखी तुकडे. नियम सोपा निघाला: जो गट खिडकीच्या कडेला टेकतो तो बेट म्हणून धरायचा नाही. म्हणून मोजणीआधी चारही कडांवरून एक फेरी मारायची, 1 दिसला की तिथून `budav` लावायचा आणि त्याचे गुंठे काठाच्या खात्यात टाकायचे. कडेनं कापलेलं खरं बेट यात वगळलं जातं, त्याला उपाय एवढाच की खिडकी फुगवट्याच्या बरीच बाहेरपर्यंत घ्यायची. ज्या गटानं रिकर्शन मोडलं तोच आता सगळ्यात आधी बुडतो.

राहिला शेजाराचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कॉम्प्युटरकडे नव्हतं. हे ग्रिड बघा:

```
1 1 1 1 1 1
1 0 0 0 0 1
0 0 1 0 0 0
0 0 0 1 0 0
1 0 0 0 0 0
1 1 1 1 1 1
```

नुसते गट मोजले तर चार. काठ वगळले तर दोन. पण मधले दोन 1 कोपऱ्याला कोपरा लावून आहेत. तिरपा शेजार धरला तर ते एकच बेट. एकाच चित्राची तीन उत्तरं, आणि तिन्ही आपापल्या व्याख्येत बरोबर.

तिनं अण्णांना फोनवर विचारलं. त्यांनी पिक्सेल वगैरे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, तठे कुत्रं चालत जास का? जास ना, मंग ते बेट नही."

यावर आमचा निर्णय झाला. १० मीटरचे दोन चौकोन कोपऱ्याला टेकले असतील तर मधे पाय ठेवण्याइतका गाळ आहे की गुडघाभर पाणी, हे चित्र सांगू शकत नाही. शंका असेल तर कुत्र्याच्या बाजूनं धरायचं. म्हणून आठ दिशा. काठाच्या फेरीतही आठच, नाही तर काठाला कोपऱ्यानं लागलेला तुकडा बेट म्हणून निसटतो. पुस्तकातल्या प्रश्नात सहसा चारच दिशा असतात, पण पुस्तकात कुत्रं नसतं.

मार्चच्या चित्रावर आठ दिशांनी ६१ बेटं आली. चार दिशांनी चालवून पाहिलं तर ९४. एवढा फरक म्हणजे बरेच तुकडे कोपऱ्यांवरच लटकलेले होते, आणि हे अण्णांना सांगायलाच हवं होतं. ६१ पैकी ३८ नुसते एकेका गुंठ्याचे ठिपके. एकट्या पिक्सेलवर विश्वास ठेवू नये असं माझं मत, कारण काठावरच्या अर्ध्या ओल्या गाळानंही तो इकडचा तिकडे होतो. चार गुंठ्यांखालचं सगळं गाळल्यावर ११ उरली.

निकाल द्यायच्या आधी दोन तपासण्या केल्या. काठाचे गुंठे, सगळ्या बेटांचे गुंठे आणि पाण्याचे चौकोन यांची बेरीज बरोबर १०,८०,००० आली पाहिजे, ती आली. उशिरा खूण करणारा प्रोग्राम याच बेरजेत पकडला गेला असता. दुसरी, काठ न वगळता नुसते गट मोजून `scipy.ndimage.label` शी ताडून पाहिलं. तिथं मुळात चारच दिशा धरलेल्या असतात, आठ हव्या असतील तर `structure` मध्ये तीन बाय तीनचे 1 द्यावे लागतात. पहिल्यांदा ते विसरल्यानं आमचे आकडे जुळेनात आणि तासभर आपल्याच प्रोग्रामात चूक शोधत बसलो. हेच फंक्शन पहिल्या दिवशी वापरलं असतं तर हा सगळा खटाटोप नको होता, हे खरंच. पण विभागाचा नियम होता की मूळ काम स्वतः लिहिलेलं हवं. ते लिहिलं नसतं तर ९४ आणि ६१ मधला फरक तिला समजावून सांगता आला असता का, याची मला शंका आहे.

अण्णा मासेमारांच्या होडीतून अकराही ठिकाणी जाऊन आले. दहा ठिकाणी जमीन होती. अकराव्या जागी जलपर्णीचा दाट गालिचा. हिरवं पान निकट-अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं, त्यामुळं निर्देशांक शून्याखाली गेला आणि आम्ही त्याला जमीन म्हटलं. मोजणी त्यात निर्दोष होती, तिला दिलेले 1 च खोटे होते.

एप्रिलचं चित्र आलं तेव्हा पाणी आणखी उतरलेलं. दहापैकी दोन बेटं मोजणीत दिसेनात. तिला वाटलं पुन्हा काही बिघडलं. ग्रिड उघडून पाहिलं तर दक्षिण काठापासून दोन-दोन गुंठ्यांची गाळाची जीभ त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि कडेच्या फेरीनं काठाबरोबर त्यांनाही बुडवलं होतं. तिनं त्याच संध्याकाळी अण्णांना फोन केला. त्यातल्या एकावर सुरयांची घरटी होती.